पूल पाण्याखाली गेल्याची खबर देणारे खाते स्वतःच का बंद पडते

जून सरत आला आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर पावसाने जोर धरला की चिकोडी आणि निपाणी तालुक्यांत दिवसभर एकच चौकशी चालू असते : कोणता पूल चालू आहे आणि कोणता पाण्याखाली गेला? दूधगंगेवरचे मलिकवाड–दत्तवाड आणि कारदगा–भोज, वेदगंगेवरचे अक्कोळ–सिदनाळ आणि जत्राट–भिवशी, कृष्णेवरचा कल्लोळ–यडूर हे सगळे कमी उंचीचे पूलवजा बंधारे आहेत. काळम्मावाडी धरणाच्या क्षेत्रात दोन दिवस संततधार लागली की त्यांतले काही हमखास बुडतात आणि दूधवाला, शाळेचा शिक्षक, उसाच्या शेतावर निघालेला शेतकरी अशा सर्वांना लांबचा वळसा पडतो. अशा वेळी एखाद्या संगणक जाणणाऱ्या तरुणाच्या मनात येते की ही माहिती एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, आपोआप टाकणारे खाते सुरू करावे. कल्पना चांगली आहे आणि तांत्रिकदृष्ट्या अवघडही नाही. तरीही अशी खाती बहुधा ऐन पुराच्या दिवसांत कुलूपबंद होतात, आणि ते का होते हे चालवणाऱ्याला शेवटपर्यंत उमगत नाही. माहिती खरी होती, लोकांना हवी होती, कोणाला शिवीगाळ केलेली नव्हती, मग अडले कुठे?

अडते ते असे की मंच चालवणारी कंपनी तुमची माहिती खरी आहे की खोटी हे आधी पाहत नाही. ती पाहते खात्याचे वागणे : तोच मजकूर किती वेळा आला, किती खात्यांवरून आला, न विचारता किती जणांच्या नावाने धाडला गेला, आणि हे काम माणूस करतो की यंत्र हे उघड सांगितले आहे की नाही. मलिकवाडचा पूल बुडाल्याची खबर आणि बनावट कर्जाची जाहिरात या दोन्ही गोष्टी वागण्याच्या या चाळणीत सारख्याच दिसू शकतात. म्हणून एका कल्पित पण अगदी घडण्यासारख्या उदाहरणाने हे नियम पाहू.

समजा, निपाणीजवळच्या एका गावातील तरुणाने सहा पूल निवडले आहेत. प्रत्येक पुलाजवळचा एक ओळखीचा माणूस सामायिक शीटमध्ये रस्त्याच्या तुलनेत पाणी किती सेंटीमीटर वर किंवा खाली आहे ते भरतो. तरुणाची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, दर अर्ध्या तासाला शीट वाचते आणि प्रत्येक पुलासाठी एक पोस्ट टाकते. म्हणजे दर फेरीला सहा, दिवसाच्या अठ्ठेचाळीस फेऱ्यांना २८८ पोस्ट.

एक्सवर एका खात्याला दिवसाला २४०० पोस्टची कमाल मर्यादा आहे आणि ती अर्ध्या-अर्ध्या तासाच्या छोट्या हिश्श्यांत विभागलेली असते, एवढे त्याने वाचलेले आहे. २८८ हा आकडा त्यापेक्षा कितीतरी लहान असल्यामुळे तो निर्धास्त असतो. पण ही मर्यादा खात्याची झाली. स्क्रिप्ट ज्या अधिकृत दारातून पोस्ट करते त्याला एपीआय म्हणतात, आणि त्या दाराचा हिशेब वेगळा असतो. २०२३ मध्ये एक्सने एपीआयचे स्तर नव्याने ठरवले तेव्हा विनामूल्य स्तरावर महिन्याला १५०० पोस्टची मर्यादा होती. हे दर आणि मर्यादा वरचेवर बदलतात, त्यामुळे चालू आकडा विकसकांसाठीच्या पानावर पाहूनच घ्यावा. तूर्त १५०० हाच आकडा धरून गणित केले, तर एक जुलैच्या मध्यरात्री सुरू झालेल्या या खात्याचा पाच दिवसांत १४४० पोस्टचा खर्च होतो आणि सहा जुलैच्या पहाटे पाचच्या सुमारास महिन्याचा कोटा संपतो. पुढचे पंचवीस दिवस खाते मुके, आणि पूर मात्र बहुधा त्यानंतरच येतो.

कोटा संपणे ही शिक्षा नव्हे. त्या वेळी स्क्रिप्टला `429` हा प्रतिसाद मिळतो, ज्याचा अर्थ एवढाच की फार झाले, आता थांबा. थोड्या मिनिटांची मर्यादा असेल तर सोबतच्या `x-rate-limit-reset` या ओळीत पुन्हा केव्हा यावे ती वेळ दिलेली असते आणि स्क्रिप्टने निमूटपणे तोवर थांबायचे असते. पुष्कळ नवशिके इथेच चूक करतात. `429` आला की त्यांची स्क्रिप्ट लगेच पुन्हा प्रयत्न करते, मग पुन्हा, मग पुन्हा. नकार मिळूनही दार ठोठावत राहणे हे वागणे मात्र संशयास्पद ठरते, आणि साध्या मर्यादेचे रूपांतर खऱ्या अडचणीत होते.

आता खरी गोष्ट, म्हणजे पुनरावृत्ती. सकाळी आठ वाजता खात्यावरून पोस्ट जाते : “मलिकवाड–दत्तवाड पूल पाण्याखाली. वाहतूक बंद.” साडेआठला पाणी तसेच असते, त्यामुळे स्क्रिप्ट अक्षरशः तोच मजकूर पुन्हा पाठवते आणि उत्तर येते :

```
403 Forbidden
You are not allowed to create a Tweet with duplicate content.
```

जुन्या एपीआयमध्ये याच नकाराला `187` हा क्रमांक होता आणि `Status is a duplicate.` असा मजकूर येत असे. हा नकारही अजून शिक्षा नाही, तो फक्त दारावरचा पहारेकरी आहे. त्याच्यापुढे आपला तरुण काय करतो, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

इंटरनेटवर शोधले तर त्याला एक सोपी युक्ती सापडते. मजकुराच्या शेवटी दर वेळी एखादा वेगळा आकडा, एखादे चित्रचिन्ह किंवा डोळ्यांना न दिसणारे कोरे अक्षर जोडायचे. यंत्राच्या दृष्टीने मजकूर बदलतो आणि पोस्ट जाते. पण एक्सचा नियम केवळ हुबेहूब मजकुराविषयी नाही. एकाच खात्यावर किंवा आपण चालवत असलेल्या अनेक खात्यांवर हुबेहूब किंवा बऱ्याच अंशी सारखा मजकूर टाकू नये, असे तो सांगतो. शेवटच्या आकड्याने मजकूर वेगळा होत नाही. उलट, पहारेकऱ्याला चुकवण्यासाठी मुद्दाम केलेला फेरफार म्हणूनच तो उठून दिसतो, कारण जाहिरातींचा कचरा टाकणारेही नेमके हेच करतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मूळ नकार निरुपद्रवी होता, त्याला दिलेली बगल निरुपद्रवी राहत नाही.

पुढची चूक अधिक उदात्त हेतूने होते. चिकोडीच्या लोकांना निपाणीचे खाते दिसत नाही म्हणून तो चिकोडीसाठी दुसरे आणि अथणीसाठी तिसरे खाते उघडतो, आणि सहाही पुलांची खबर तिन्ही खात्यांवरून एकाच क्षणी टाकतो. २०१८ च्या फेब्रुवारीत ट्विटरने नेमके हेच बंद केले. अनेक खात्यांवरून एकसारखा मजकूर एकाच वेळी टाकणे, आवडीच्या खुणा करणे, फॉलो करणे या गोष्टींना मनाई झाली आणि ट्वीटडेक या त्यांच्याच साधनातून एका वेळी अनेक खाती निवडण्याची सोय काढून टाकण्यात आली. विकसकांना बदल करण्यासाठी २३ मार्च २०१८ पर्यंतची मुदत होती. त्याच वेळी एक अपवादही नमूद झाला : हवामान, आणीबाणी किंवा व्यापक जनहिताच्या सूचना देणाऱ्या सेवा.

पुलाची खबर त्या अपवादात बसत नाही का? अर्थाने बसते. पण हा अपवाद एखाद्या परवान्यासारखा आधीच खिशात ठेवता येत नाही. आपोआप चालणारी चाळणी आधी खाते अडवते आणि अपवादाचा विचार माणूस अर्ज वाचतो तेव्हा होतो, म्हणजे पूल बुडून उघडाही झालेला असतो. म्हणून अपवादावर विसंबून रचना करू नये. रचनाच अशी करावी की अपवादाची गरज पडू नये. एकापेक्षा जास्त खाती हवीच असतील तर प्रत्येकाचे काम वेगळे हवे : निपाणीच्या खात्यावर वेदगंगेचे पूल, चिकोडीच्या खात्यावर दूधगंगेचे आणि कृष्णेचे. वेगळी ओळख आणि वेगळा उपयोग असलेली अनेक खाती चालवणे एक्सच्या नियमांत बसते. एकच मजकूर तीन तोंडांनी बोलणे बसत नाही. मात्र सहा पुलांसाठी एकच खाते पुरेसे आहे, हे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी चूक उल्लेखांची. पूल बुडाला की स्क्रिप्ट चार पत्रकार, दोन अधिकारी आणि एका वाहतूक खात्याच्या हँडलचा आपोआप उल्लेख करते. शिवाय कोणीही “निपाणी पाऊस” असे लिहिले की त्याला उत्तर पाठवते. एक्सवर आपोआप उत्तर किंवा उल्लेख करायचा असेल तर समोरच्याने आधी तसे मागितलेले असावे लागते, त्याच्या एका कृतीला एकच उत्तर द्यावे लागते आणि नको असेल तर बंद करण्याची सोपी सोय ठेवावी लागते. केवळ एखादा शब्द लिहिला म्हणून उत्तर पाठवणे हे मागणीत धरले जात नाही. याउलट, एखाद्या मोटारसायकलस्वाराने खात्याचा उल्लेख करून “मलिकवाड चालू हाय काय?” असे विचारले, तर त्याला एक उत्तर आपोआप देणे पूर्णपणे नियमात आहे. फरक पुढाकाराचा आहे : विचारणारा कोण आणि सांगणारा कोण. चालू ट्रेंडमधला हॅशटॅग मजकुराला आपोआप चिकटवणेही असेच वर्ज्य आहे, मग त्याने कितीही जास्त लोकांपर्यंत खबर पोचत असली तरी.

या तिन्ही चुका एकत्र आल्या की एखाद्या सकाळी स्क्रिप्टला वेगळाच प्रतिसाद मिळतो. जुन्या क्रमांकांत `226` म्हणजे ही विनंती यंत्राने केल्यासारखी दिसते म्हणून अडवली, `326` म्हणजे खाते तात्पुरते कुलूपबंद केले, संकेतस्थळावर प्रवेश करून उघडा, आणि `64` म्हणजे खाते निलंबित. क्रमांक एपीआयच्या आवृत्तीप्रमाणे बदलतात, परंतु पायऱ्या याच राहतात : पोस्ट नाकारणे, खाते कुलूपबंद करणे, मग निलंबन. कुलूप सहसा माणूस असल्याची खात्री पटवून किंवा फोनवर आलेला अंक टाकून उघडते. इथे एक अगदी साधी गोष्ट आड येते. खाते उघडताना दिलेला नंबर बहुधा एखाद्या मित्राच्या जुन्या सिमचा असतो आणि तो मित्र एव्हाना पुण्याला नोकरीला गेलेला असतो, सिम कधीच बंद पडलेले असते. अंक येणार तरी कुठे? नियमभंग किरकोळ असूनही खाते कायमचे हातचे जाते ते अशा कारणाने. म्हणून ज्या नंबरवर आणि ईमेलवर खाते उघडले ते दोन्ही चालू आहेत याची खातरजमा पावसाळ्याआधी करावी.

यांखेरीज आणखी एक, न दिसणारी पायरी आहे. खाते चालू असते, पोस्ट जात असतात, नकारही येत नाही, पण शोधात आणि फॉलो न करणाऱ्यांच्या पानावर त्या पोस्ट दिसत नाहीत. हे ओळखायचे तर दुसऱ्या खात्यावरून, किंवा घरातल्या कोणाच्या तरी फोनवरून, पुलाचे नाव शोधून आपली ताजी पोस्ट येते का ते पाहावे. स्वतःच्या खात्यावर ती नेहमीच दिसते, त्यामुळे तिथे पाहून काही कळत नाही.

आता दुरुस्ती. पहिले काम खात्यावर यंत्राची खूण लावण्याचे. ही सोय २०२१ च्या सप्टेंबरमध्ये काही खात्यांवर चाचणी म्हणून आली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत सर्वांसाठी खुली झाली. स्वयंचलित खात्यातून प्रवेश करून `Settings and privacy`, मग `Your account`, मग `Account information`, मग `Automation` असे जायचे आणि `Managing account` या ठिकाणी आपले वैयक्तिक खाते जोडायचे. त्यासाठी त्या वैयक्तिक खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो, कारण दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर यंत्र खपवता येऊ नये. त्यानंतर खात्याच्या नावाखाली `Automated by` या शब्दांपुढे आपले हँडल दिसू लागते. परिचयाच्या ओळींतही मराठीत आणि शक्य तर कन्नडमध्ये लिहावे की हे स्वयंचलित खाते आहे, आकडे कोण नोंदवते, आणि हे सरकारी खाते नाही. शेवटचे तीन शब्द सीमाभागात फार महत्त्वाचे ठरतात, कारण प्रशासनाची अधिकृत सूचना समजून कोणी त्यावर गाडी पाण्यात घातली तर ती चूक कोणत्याही नियमाने भरून निघणार नाही.

या खुणेविषयी दोन गैरसमज आढळतात. एक असा की खूण लावली म्हणजे आपोआप पोस्ट करण्याची मोकळीक मिळाली. तसे नाही. खूण फक्त ओळख सांगते, पुनरावृत्तीचे आणि उल्लेखांचे नियम तसेच राहतात. दुसरा गैरसमज याच्या उलट, की खूण लावल्याने कंपनीची नजर आपल्यावर पडते. खरे तर खूण नसलेले यंत्र जेव्हा यंत्रासारखे वागते तेव्हाच ते फसवे वाटते. आपण कोण आहोत हे आधी सांगितलेले असेल तर पुढे दाद मागताना तोच पहिला पुरावा ठरतो.

दुसरे काम पोस्ट कधी टाकायची हे बदलण्याचे. दर अर्ध्या तासाला सांगण्याऐवजी स्थिती बदलली तरच सांगायचे. वरवर हे सोपे वाटते, पण पाणी रस्त्याच्या कडेला लागलेले असते तेव्हा आकडे नाचतात : उणे ३, अधिक २, उणे १, अधिक ४. नुसते “पाणी शून्याच्या वर गेले का” एवढेच विचारले तर स्क्रिप्ट दर अर्ध्या तासाला पूल बंद आणि चालू करत बसेल, आणि बदलाच्या नावाखाली पुन्हा तीच पुनरावृत्ती होईल. म्हणून दोन वेगळे उंबरठे ठेवावेत. पाणी रस्त्याच्या ५ सेंटीमीटर वर आले की “पाण्याखाली”, आणि १५ सेंटीमीटर खाली उतरले तरच “पाणी ओसरले”. मधल्या पट्ट्यात जुनी स्थिती कायम.

```python
if patali >= 5:
    navi = "pani_var"
elif patali <= -15:
    navi = "osarle"
else:
    navi = juni
if navi != juni:
    post(majkur)
    jatan(navi)
```

“वाहतूक सुरू” असे शब्द मी मुद्दाम टाळले आहेत. पाणी उतरले तरी कठडे वाहून गेलेले असू शकतात, आणि रस्ता खुला करण्याचा निर्णय प्रशासनाचा असतो. खात्याने पाण्याविषयीच बोलावे.

यात आणखी एक बारकावा आहे, आणि तो मला सर्वांत उपयोगी वाटतो. मजकुरात वेळ लिहायची ती पोस्ट पाठवल्याची नव्हे, शीटमध्ये नोंद झाल्याची. “दूधगंगा, मलिकवाड–दत्तवाड : सकाळी ७.४० च्या नोंदीनुसार पाणी रस्त्याच्या १२ सेंमी वर” असा मजकूर असला की प्रत्येक नवी पोस्ट खरोखर नवी असते, कारण तिच्यातली माहिती नवी असते, शेपटाला जोडलेला आकडा नव्हे. शिवाय पावसात इंटरनेट तुटते. स्क्रिप्टने पोस्ट पाठवली, ती पोचली, पण पोचपावती परत येण्याआधी जोडणी गेली. स्क्रिप्टला वाटते पोस्ट गेलीच नाही, म्हणून ती पुन्हा पाठवते. मजकुरात पाठवण्याची वेळ असती तर दुसरी पोस्ट वेगळी ठरून छापली गेली असती. नोंदीची वेळ असल्यामुळे मजकूर हुबेहूब तोच राहतो आणि एक्स `403` देऊन ती परतवून लावते. जो पहारेकरी आधी अडथळा वाटत होता तोच आता आपल्या बाजूने काम करतो. अशा वेळी स्क्रिप्टने पुनरावृत्तीचा नकार म्हणजे पोस्ट आधीच पोचली असे समजून स्थिती जतन करावी आणि पुढे जावे. वरच्या तुकड्यात आधी पोस्ट आणि मग जतन असा क्रम ठेवला आहे तोही याचसाठी : मध्येच वीज गेली तर फार तर एक पोस्ट परत पाठवली जाईल आणि नाकारली जाईल. उलट क्रमात मात्र पूल बुडाल्याची खबर कायमची राहून जाईल.

स्थिती जतन होते ती फाइल कुठे आहे याकडेही लक्ष द्यावे. विनामूल्य सर्व्हर अधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होतात आणि स्मरणात ठेवलेले सगळे पुसले जाते. मग स्क्रिप्टला सहाही पूल नवे वाटतात आणि ती एका दमात सहा पोस्ट टाकते. दिवसातून तीनदा असे झाले की खाते पुन्हा कचरा टाकणाऱ्यासारखे दिसू लागते. स्थिती त्याच सामायिक शीटच्या एका स्तंभात लिहून ठेवली तर हा प्रश्न मिटतो.

या रचनेत खर्च किती येतो? बदलांच्या पोस्टशिवाय सकाळ-संध्याकाळ सहाही पुलांची एकेक एकत्रित पोस्ट धरली तर तीस दिवसांच्या महिन्याला ६०. त्या महिन्यात प्रत्येक पूल चार वेळा बुडाला आणि उघडा पडला असे मानले तर सहा पुलांच्या ४८. एकूण १०८. पहिल्या रचनेत हाच आकडा महिन्याला ८६४० होता, आणि वाचणाऱ्याला तेव्हाही कळत एवढेच होते.

हे सर्व अधिकृत एपीआयमधून करायचे, हेही स्पष्ट सांगायला हवे. आपल्या गावांतही अलीकडे “तुमचा पासवर्ड द्या, आम्ही ब्राउझरमधून आपोआप पोस्ट करून देतो” असे सांगणारे भेटतात. संकेतस्थळाची बटणे स्क्रिप्टने दाबून घेणे एक्सच्या नियमांनुसार कायमच्या निलंबनापर्यंत जाऊ शकते, आणि तिथे मजकूर काय होता हा मुद्दाच उरत नाही.

इथवर यंत्राचे झाले, पण सीमाभागात आणखी एक प्रकार नेहमी घडतो ज्यात यंत्र नसतेच. मराठीतून सरकारी परिपत्रके मिळावीत अशा मागणीसाठी किंवा १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या निमित्ताने एक तयार मजकूर गटागटांतून फिरतो आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी शेकडो माणसे तो चिकटवून पोस्ट करतात. प्रत्येक पोस्टमागे खराखुरा माणूस असतो. तरीही २०२२ च्या ऑगस्टमध्ये ट्विटरने चिकटवलेल्या एकसारख्या मजकुराविषयी धोरण जाहीर केले, ज्यानुसार अशा पोस्ट शोधाच्या वरच्या निकालांतून आणि ट्रेंडमधून वगळल्या जाऊ शकतात आणि त्यांचा प्रसार फॉलो करणाऱ्यांपुरता मर्यादित केला जाऊ शकतो. म्हणजे खाते जात नाही, आवाज जातो. एकत्र येऊन एकाच विषयावर बोलणे नियमाविरुद्ध नाही. म्हणून तयार मजकुराऐवजी तयार मुद्दे वाटावेत आणि प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या गावाचा अनुभव लिहावा. खानापूरच्या माणसाने आपल्याला कोणता कागद मराठीत मिळाला नाही ते सांगितले तर ती पोस्ट दुसऱ्या कोणाची नक्कल ठरणारच नाही.

व्हॉट्सॲपबद्दल थोडक्यात. पुलाची खबर प्रत्यक्षात सर्वाधिक तिथेच फिरते, त्यामुळे तीच स्क्रिप्ट व्हॉट्सॲप वेबला जोडण्याचा मोह होतो. साध्या व्हॉट्सॲपवर आपोआप किंवा घाऊक संदेश पाठवण्यास मनाई आहे आणि पकडले गेल्यास बंदी नंबरवर येते. तो नंबर बहुधा घरचा एकमेव असतो, त्याच्यावर बँकेचे संदेश येतात. तिथे ही जोखीम पत्करू नये. टेलिग्रामवर मात्र यंत्रांसाठी वेगळी सोय आहे : यंत्राचे नाव `bot` या अक्षरांनी संपते, त्यामुळे वेगळी खूण लावावी लागत नाही, आणि माणसाने आधी संभाषण सुरू केल्याशिवाय ते कोणाला संदेशच पाठवू शकत नाही. पुढाकाराचा जो नियम एक्सवर कागदावर आहे तो तिथे यंत्रणेतच बसवलेला आहे. एका गटात मिनिटाला वीसपेक्षा जास्त संदेश पाठवले तर तिथेही `429` येतो आणि सोबत `retry_after` मध्ये किती सेकंद थांबायचे ते येते.

इतके करूनही खाते निलंबित झाले तर काय करावे? सर्वप्रथम स्क्रिप्ट थांबवावी. दुसरे खाते उघडून काम पुढे चालू ठेवू नये, कारण बंदी चुकवण्यासाठी उघडलेले खाते हा स्वतंत्र नियमभंग मानला जातो आणि मग जोडलेले वैयक्तिक खातेही धोक्यात येते. मदत केंद्रातून एकच अर्ज करावा. त्यात तक्रारीचा सूर न ठेवता चार गोष्टी सांगाव्यात : खात्याचे काम काय, यंत्राची खूण केव्हा लावली, कोणत्या दोषामुळे सारख्या पोस्ट गेल्या, आणि तो दोष कसा दूर केला. “सर्व्हर पुन्हा सुरू झाल्याने जुन्या सहा नोंदी तीन वेळा नव्याने पाठवल्या गेल्या, आता स्थिती कायमस्वरूपी जतन होते” हे वाक्य “आम्ही समाजसेवा करतो” या वाक्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते, कारण वाचणाऱ्याला पुन्हा तसे होणार नाही याची खात्री हवी असते. म्हणूनच प्रत्येक पोस्टची वेळ, मजकूर आणि मिळालेला प्रतिसाद एका फाइलमध्ये नोंदवत राहावे. त्या फाइलशिवाय दोष नेमका कोणता होता हे स्वतःलाही सांगता येत नाही.

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की स्क्रिप्ट बंद करावी. पुलांचे आकडे भरणारी माणसे तेव्हा शेताच्या कामाला लागलेली असतात, शीट तशीच पडून राहते, आणि कोणी चाचणीसाठी एखादा रकाना बदलला तर नोव्हेंबरच्या कडक उन्हात कारदगा–भोज पूल पाण्याखाली गेल्याची पोस्ट पडते. “या हंगामातील नोंदी थांबवत आहोत, जूनमध्ये पुन्हा सुरू करू” अशी एक पोस्ट माणसाने स्वतः टाकावी, एपीआयची किल्ली रद्द करावी, आणि मे महिन्याच्या अखेरीस खात्याचा नंबर चालू आहे का, मर्यादांचे आकडे बदलले आहेत का, हे पाहून नवी किल्ली घ्यावी.